हेडहंटरच्या मेलला उत्तर: होकार नाही, नकारही नाही

आजच्या भागात आपण फक्त एका मेलबद्दल बोलणार आहोत. मेल जेमतेम दहा ओळींचा आहे, पण तो लिहायला लिहिणाऱ्याला दोन रात्री लागल्या. लिहिणारे म्हणजे माझे मामा. मूळचे चिखली तालुक्यातले, शिक्षण शेगावला, आणि गेली एकोणीस वर्षं छत्रपती संभाजीनगरजवळच्या वाळूजमध्ये, वाहनांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कंपनीत. आज ते तिथले प्लांट हेड आहेत. कंपनीचं नाव सांगणार नाही, मामांचंही नाही. ही गोष्ट सांगायची परवानगी त्यांनी त्याच अटीवर दिलीय.

झालं असं, की एका सोमवारी संध्याकाळी मामांना लिंक्डइनवर एक मेसेज आला. पाठवणारी बाई एका एक्झिक्युटिव्ह सर्च फर्ममधली होती. मेसेजचा मतलब असा: "वाहन उद्योगातल्या एका कंपनीसाठी आम्ही नेतृत्वाच्या पदावर व्यक्ती शोधत आहोत. आपल्या ओळखीत कुणी योग्य असेल तर सुचवाल का? बोलायला सोयीची वेळ कळवावी."

मामांनी मला फोन केला. म्हणाले, "भाचेराव, हे मले काहून इचारून राह्यले? मी काय प्लेसमेंट एजन्सी हाओ?"

तर इथून सुरुवात करू. "कुणी सुचवाल का" हा या धंद्यातला जुना शब्दप्रयोग आहे. बहुतेक वेळा त्याचा अर्थ "तुम्हाला रस आहे का" असाच असतो. सरळ विचारलं आणि समोरचा चिडला, तर सर्च फर्मची अडचण होते. आडून विचारलं की दोघांनाही मागे सरकायला जागा राहते. ती म्हणू शकते, मी फक्त नावं विचारत होते. मामा म्हणू शकतात, मला फक्त नावं विचारली होती.

एवढी गुप्तता कशाला, असं वाटेल. माझ्या क्षेत्रातलं एक जाहीर उदाहरण सांगतो. विशाल सिक्का यांनी 18 ऑगस्ट 2017 ला इन्फोसिसचं प्रमुखपद सोडलं. नवीन प्रमुख शोधायला कंपनीने इगॉन झेंडर या सर्च फर्मची मदत घेतली. सलील पारेख यांचं नाव जाहीर झालं 2 डिसेंबरला, आणि ते रुजू झाले 2 जानेवारी 2018 ला. म्हणजे शोध साडेतीन महिने चालला. या काळात पारेख कॅपजेमिनीच्या समूह कार्यकारी मंडळावर होते, आणि कॅपजेमिनी ही इन्फोसिसची थेट स्पर्धक. आता कल्पना करा, अशा शोधात ज्यांच्याशी बोलणं होतं पण ज्यांची निवड होत नाही, त्यांची नावं बाहेर आली तर? त्यांना परत त्याच खुर्चीत, त्याच बॉससमोर बसायचं असतं. निवड एकाची होते. बाकीच्यांसाठी गुप्तता हीच काय ती कमाई.

मामांच्या बाबतीत तर वर्तुळ फारच लहान. वाळूज, चाकण, चेन्नई इथले सुटे भागवाले एकमेकांना नावानिशी ओळखतात. त्यातून त्या महिन्यात त्यांच्या प्लांटमध्ये युनियनबरोबर पगारवाढीचा करार चालू होता. "प्लांट हेड चालले" अशी नुसती कुजबुज झाली असती, तरी समोरच्या बाजूने बोलणी थांबवली असती. जो माणूस जाणार आहे त्याच्या शब्दावर कोण सही करणार? आणि मालकांच्या मनात एकदा शंका बसली, की मग नोकरी सोडा नाहीतर धरा, पहिल्यासारखं काही राहत नाही.

म्हणून पहिलं उत्तर लिहिताना खरा प्रश्न "ही नोकरी हवी का" हा नसतोच. नोकरी कुठली हेच अजून माहीत नाही. प्रश्न असतो: आपण ऐकायला तयार आहोत ही माहिती कुणाकुणाच्या हातात जाणार?

उत्तर लिहिण्याआधी एक काम माझ्याकडे आलं. ही बाई खरंच त्या फर्मची आहे का, हे तपासायचं. नोकरीच्या नावाने फसवणारे फक्त फ्रेशर्सनाच गाठतात असं नाही. मामांनी तिला एवढंच कळवलं, की फर्मच्या पत्त्यावरून माझ्या वैयक्तिक मेलवर लिहा. मेल आला. जीमेलमध्ये कॉम्प्युटरवर मेल उघडून तीन ठिपक्यांच्या मेनूत `Show original` निवडलं, की वर `SPF`, `DKIM` आणि `DMARC` अशा ओळी दिसतात. तिथे `PASS` असेल तर मेल त्या डोमेनवरूनच आलाय असं समजायचं. पण इथे एक गंमत आहे. एखाद्याने फर्मच्या नावात एक अक्षर बदलून स्वतःचं डोमेन घेतलं असेल, तर त्यालाही `PASS` मिळेल. म्हणून दुसरी पायरी महत्त्वाची. मेलमधल्या लिंकवर टॅप करायचं नाही. फर्मची वेबसाइट स्वतः शोधून उघडायची, तिथल्या ऑफिसच्या नंबरवर फोन करायचा आणि या बाईंशी जोडून द्या म्हणायचं. मामांनी तेच केलं, कारण न सांगता. फोन जोडला गेला, तेव्हा "नंतर बोलतो" म्हणून ठेवला. काम झालं. आणि हो, खरी सर्च फर्म उमेदवाराकडून एक रुपया घेत नाही. पैसे मागितले की विषय संपला.

आता तो मेल. मूळ इंग्रजीत होता, मी मराठीत सांगतो.

"आपण संपर्क केलात, आभारी आहे. मी सध्याच्या कामात समाधानी आहे आणि नोकरी शोधत नाही. तरी या पदाबद्दल ऐकून घ्यायला माझी हरकत नाही. बोलण्याआधी काही गोष्टी कळाव्यात. हे काम ग्राहकाने फक्त आपल्या फर्मकडे सोपवलं आहे का? ग्राहकाचं नाव आपण कोणत्या टप्प्यावर सांगता? माझ्या लेखी होकाराशिवाय माझं नाव कुणालाही, ग्राहकालाही, दिलं जाणार नाही ना? आणि आपल्या ग्राहकाचे माझ्या सध्याच्या कंपनीशी काही व्यवहार असतील, तर नाव न सांगता तेवढं आधी सांगावं. माझ्या कंपनीच्या अंतर्गत गोष्टींबद्दल मी बोलू शकणार नाही. गुरुवारी संध्याकाळी साडेसातनंतर वीस मिनिटं देऊ शकेन. पुढचा संपर्क याच पत्त्यावर ठेवावा."

बस. आता यातली एकेक गोष्ट बघू.

"समाधानी आहे, नोकरी शोधत नाही." हे तोऱ्यासाठी नाही. पहिल्या मसुद्यात मामांनी लिहिलं होतं, "बदलाच्या विचारात आहेच." मामींनी ते वाक्य खोडलं. त्या म्हणाल्या, "हा मेल उद्या तुमच्या मालकाच्या टेबलावर पडला असं समजून लिहा." माझ्या मते या विषयावरचं इतकं नेमकं वाक्य दुसरं नाही. मेल फॉरवर्ड होतो, त्याचा स्क्रीनशॉट निघतो. पाठवलेला मेल मालकांनी वाचला असता, तर त्यात लाज वाटण्यासारखं काही नव्हतं. माणूस कामात खूश आहे, कुणी विचारलं म्हणून ऐकून घेतोय, आणि कंपनीची माहिती द्यायला नकार देतोय. बदलाच्या विचारात असाल तर तसं बोलायलाही पुढे वेळ येते. पण पहिल्या मेलमध्ये ते लिहिलं की पगाराच्या बोलण्यातली तुमची बाजूही कमजोर होते.

मग पहिला प्रश्न: काम फक्त तुमच्याकडेच आहे का? सर्चचे ढोबळमानाने दोन प्रकार. एकात ग्राहक एकाच फर्मला काम देतो आणि फी ठरवून टप्प्याटप्प्याने देतो. पहिल्या वर्षाच्या पगाराच्या साधारण एक तृतीयांश फी, बहुधा तीन हप्त्यांत. पहिला हप्ता काम सुरू होतानाच मिळतो, त्यामुळे घाईघाईने सीव्ही पाठवायची फर्मला गरज नसते. दुसऱ्या प्रकारात माणूस लागला तरच पैसे. तिथे दोन-तीन एजन्सी एकाच पदामागे धावत असतात, आणि आपला सीव्ही आधी पोचावा म्हणून काही जण न विचारता नाव पुढे ढकलतात. दोन एजन्सींनी तुमचं नाव एकाच कंपनीला पाठवलं, तर फी कुणाची यावरून भांडण, आणि बदनामी तुमची. मोठ्या पदासाठी पहिला प्रकार असेल तर निश्चिंतपणे बोलता येतं. दुसरा असेल तर आणखी जपून.

दुसरा प्रश्न: ग्राहकाचं नाव कधी सांगाल? पहिल्या कॉलमध्ये नाव बहुतेक सांगत नाहीत, आणि त्यात गैर काही नाही. पदावर आज कुणीतरी बसलेलं असू शकतं, ज्याला आपण जाणार आहोत हे अजून माहीत नाही. शिवाय ग्राहक शेअर बाजारात लिस्टेड असेल तर आणखी एक गोष्ट येते. प्रमुख अधिकारी बदलणार ही न जाहीर झालेली बातमी सेबीच्या 2015 च्या इनसायडर ट्रेडिंगच्या नियमांत किंमतीवर परिणाम करणारी माहिती म्हणून धरली जाऊ शकते. ती कळल्यावर तुम्ही त्या कंपनीचे शेअर घेतले किंवा विकले, किंवा मित्राला "घेऊन ठेव" म्हणालात, तर तुम्हीच अडचणीत. म्हणून नाव लवकर कळलं म्हणजे आपला फायदा झाला, असं समजू नका. गंभीर झाल्याशिवाय नाव न कळलेलंच बरं. पण टप्पा ठरलेला हवा. "तुमचं नाव ग्राहकाला सांगण्याआधी ग्राहकाचं नाव तुम्हाला सांगू" हे योग्य उत्तर. तुम्ही उघडे आणि समोरचा झाकलेला, असं होता कामा नये.

तिसरी गोष्ट, लेखी होकाराशिवाय नाव द्यायचं नाही. यात "ग्राहकालाही" हा शब्द मुद्दाम टाकलाय. गळती बहुतेक वेळा वाईट हेतूने होत नाही. फर्म ग्राहकाला दहा-बारा नावांची प्राथमिक यादी दाखवते, नुसतं बाजारात कोण कोण आहे ते कळावं म्हणून. ग्राहकाकडचा एक साहेब यादी बघतो आणि म्हणतो, "अरे, यांच्याबरोबर माझा मित्र आहे, विचारून बघतो." झालं. त्या मित्राने रात्री जेवताना विषय काढला की सकाळी प्लांटमध्ये चर्चा. याला परस्पर चौकशी म्हणतात, आणि तिला अडवायची एकच जागा असते: नाव यादीत जाण्याआधी.

चौथ्या अटीवर नंतर येतो. आधी मेल कुठून पाठवला ते सांगतो, कारण हा भाग माझा. ऑफिसच्या मेलवरून नाही, ऑफिसच्या लॅपटॉपवरून नाही, ऑफिसच्या वायफायवरूनही नाही. कंपनीच्या मेल सर्व्हरवरून गेलेला मेल तुम्ही डिलीट केला तरी कंपनीकडे जपलेला राहू शकतो. हे बहुतेकांना माहीत असतं. जे लक्षात येत नाही ते म्हणजे कॅलेंडर. सर्च फर्म कॉलसाठी कॅलेंडरचं आमंत्रण पाठवते. फोनवर वैयक्तिक आणि ऑफिसचं कॅलेंडर एकाच ॲपमध्ये असतं, घाईत ते ऑफिसच्या खात्यावर सेव्ह होतं, आणि मग साहेबांची सेक्रेटरी वेळ जुळवताना बघते: गुरुवार, साडेसात, अमुक फर्म. म्हणून मामांनी आमंत्रण पाठवूच नका म्हणून सांगितलं. वेळ डायरीत लिहिली, पेनाने. आणि लिंक्डइनवर फक्त रिक्रूटरना दिसणारं "ओपन टू वर्क" सुद्धा चालू केलं नाही. आपल्याच कंपनीच्या रिक्रूटरना ते दिसू नये याची लिंक्डइन काळजी घेते, पण शंभर टक्के हमी देत नाही, आणि तसं ते स्वतःच सांगतात.

आता गुरुवारचा कॉल. बाईंनी मेलला नीट उत्तर दिलं होतं. काम फक्त आमच्याकडे आहे, नाव दुसऱ्या कॉलला सांगू, तुमच्या होकाराशिवाय नाव जाणार नाही. व्यवहारांच्या प्रश्नाचं उत्तर मात्र "फोनवर बोलू" असं होतं.

फोनवर आधी पदाची माहिती झाली. दोन प्लांट, चेन्नईत मुक्काम, प्रमुखांना थेट रिपोर्ट. मग सध्याचा पगार विचारला. मामांनी आकडा दिला नाही. म्हणाले, "पदाचा आवाका कळला की मी माझी अपेक्षा सांगेन. तुमच्या ग्राहकाने काय पट्टा ठरवलाय तो सांगितला तर दोघांचा वेळ वाचेल." बाईंनी पट्टा सांगितला. न चिडता सांगितला, कारण मामा न चिडता बोलले होते. पुढे त्यांनी विचारलं, तुमच्या प्लांटची क्षमता किती, कोणत्या ग्राहकाला किती माल जातो. हा प्रश्न साधा वाटतो, उमेदवाराच्या अनुभवाचा अंदाज घ्यायला विचारतात. पण उत्तर कंपनीचं असतं, आपलं नसतं. मामा म्हणाले, "मी किती माणसं सांभाळतो आणि काय सुधारणा केल्या ते सांगतो. ग्राहकांचे आकडे नाही."

आणि मग चौथी अट. मामांनी परत विचारलं: तुमच्या ग्राहकाचे आमच्याशी व्यवहार आहेत का?

बाई थोडं थांबल्या आणि म्हणाल्या, "हो, आहेत."

इथे खरा पेच सुरू झाला. मामांची कंपनी ज्यांना माल पुरवते, त्यातल्या दोन ग्राहकांबरोबर त्याच महिन्यात पुढच्या वर्षाचे दर ठरत होते, आणि आपल्या बाजूने टेबलावर बसणारे मामा स्वतः. नाव कळलं नव्हतं, पण अंदाज बांधायला दोनच नावं पुरेशी होती. समजा त्यातलीच एक कंपनी त्यांना नोकरी देऊ पाहत असेल, तर दर ठरवताना ते कुणाच्या बाजूने बसलेत? त्यांनी पैशा-दोन पैशांची सूट दिली असती आणि ती पूर्णपणे योग्य असती, तरी उद्या सगळं बाहेर आल्यावर तीच सूट म्हणजे लाच वाटली असती.

रस्ते तीन होते. एक, गप्प राहून दोन्हीकडे चालू ठेवायचं. दोन, मालकांना सांगून दरांच्या बोलण्यातून बाजूला व्हायचं, म्हणजे जी गोष्ट लपवायची तीच सांगायची. तीन, थांबायचं. मला वाटलं होतं ते दुसऱ्या कॉलपर्यंत वाट बघतील, निदान नाव तरी ऐकतील. पद मोठं होतं, पगाराचा पट्टा सध्याच्या बराच वर होता. पण त्यांचं म्हणणं, नाव ऐकलं की विसरता येत नाही. सोमवारी त्याच लोकांसमोर बसायचंय.

त्याच रात्री दुसरा मेल गेला.

"मोकळेपणाने सांगितल्याबद्दल आभार. आपल्या ग्राहकाचे आमच्या कंपनीशी व्यवहार आहेत, हे कळल्यावर माझ्या सध्याच्या जबाबदाऱ्या पाहता मी या पदासाठी पुढे जाणं योग्य होणार नाही. मी इथेच थांबतो. ग्राहकाचं नाव मला सांगू नये. माझं नाव किंवा माहिती पुढे पाठवू नये, आणि पाठवलेली नाही असं एका ओळीत कळवावं. पुढे वेगळ्या पदाबद्दल बोलायला आनंद वाटेल."

"सध्याच्या जबाबदाऱ्या" इतकंच लिहिलंय, बघा. दर ठरतायत असं लिहिलं असतं तर तीही कंपनीची आतली बातमीच झाली असती. आणि नकार देतानासुद्धा "नाव पाठवलेलं नाही असं कळवा" ही ओळ सोडली नाही. दुसऱ्या दिवशी तेवढी एक ओळ आली.

दुसऱ्या प्लांटमधला एखादा हुशार माणूस सुचवा, असंही बाईंनी कॉलवर विचारलं होतं. मामांनी नाव दिलं नाही. आपल्याच कंपनीतल्या माणसाचं नाव देणं म्हणजे आपल्याच घराची भिंत पोखरणं. बाहेरच्या माणसाचं द्यायचं तर आधी त्याला विचारायचं, मग त्यालाच फर्मचा नंबर द्यायचा.

ते पद दुसऱ्या कुणाला तरी मिळालं. ते कुणाचं होतं, हे नेमणूक जाहीर झाल्यावर ट्रेड मॅगझिनमध्ये मामांनी वाचलं. त्या दोन नावांपैकीच एक होतं. दर तोपर्यंत ठरून सह्या झाल्या होत्या, युनियनचा करारही झाला होता. मी विचारलं, "मामा, हळहळ वाटते का?" म्हणाले, "वाटते ना बे. काहून नाही वाटणार? पण झोप लागते."

तुमच्यापैकी कुणाला पुण्यात, हिंजवडीत असा मेसेज आला असेल, तर पद टीम लीडचं असो की डायरेक्टरचं, त्या मेलमधले चार प्रश्न जसेच्या तसे चालतील. फक्त चौथा वगळू नका. बाकी तीन तुम्हाला जपतात, चौथा तुमच्या सहीची किंमत जपतो.

आज इथेच थांबतो. भेटू पुढच्या भागात.